प्रश्न काकांचे, उत्तरंही काकांचीच

प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, या समजुतीवर माझं आख्खं शालेय शिक्षण उभं होतं. आमच्या वाचनालयाच्या कार्यवाह काकांनी ती मोडीत काढली.

वाचनालयाचं ॲप होऊ घातलंय. त्यासाठी काकांनी माहितीपत्रकातलं 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' हे प्रकरण उचलून सलग व्हॉट्सॲपवर चिकटवलं. प्रश्न २६. मधे मोकळी ओळ कुठे आहे, कुठे नाही. ॲप करणाऱ्या मुलाला ते जेसनमध्ये हवं होतं, म्हणजे एक यादी, यादीत दर प्रश्नाची स्वतंत्र नोंद, आणि नोंदीत `question` व `answer` असे दोन कप्पे. "तुझं रोजचंच काम आहे ना गं हे?" काका म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांनी प्रश्नचिन्हासह पाठवलं होतं.

ज्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह तो प्रश्न, उरलेलं ते उत्तर, असा साधा नियम कुणालाही आधी सुचेल. पण काकांची हयात सरकारी कचेरीत गेली. त्यांचे प्रश्न हे प्रश्न नसतात, विषय असतात. 'अनामत रक्कम परत मिळण्याबाबत.' 'दिवाळी अंक घरी नेणेबाबत.' पुढे पूर्णविराम, संपलं. उलट उत्तर लिहायला बसले की काकांच्या अंगात वक्ता संचारतो. 'पुस्तक हरवले? घाबरू नये. आधी घरातच शोधावे. न सापडल्यास छापील किंमत भरावी लागेल, कारण वाचनालयाने तरी नुकसान का सोसावे?' या नियमाने चाललं तर निम्मे प्रश्न उत्तरांत बुडतात आणि काकांचा संताप प्रश्न म्हणून यादीत चढतो.

मग आकडे. प्रत्येक प्रश्नामागे '१)', '२)' असं होतं, तेव्हा आकडा आणि कंस दिसला की नवा प्रश्न. ॲपवाल्या मुलाने हे आधीच करून पाहिलं होतं. त्याचा प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये, आणि तिथे 'कोणताही अंक' याची जी खूण आहे, `\d`, तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. काकांचे अंक देवनागरी. प्रोग्रामने शांतपणे शून्य प्रश्न सापडल्याचं कळवलं. त्याच्या लेखी काकांना आयुष्यात काही प्रश्नच पडलेला नव्हता. पायथनमध्ये तीच खूण देवनागरी अंकही ओळखते, म्हणून मी पायथन घेतलं.

तरी उत्तरांच्या पोटातही आकडे होतेच. तिसरा प्रश्न होता सभासदत्वासाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा. उत्तरात: १) भरलेला अर्ज, २) आधार कार्डाची प्रत, ३) वीजबिलाची प्रत, ४) दोन छायाचित्रे (टोपी न घातलेली). यावर शहाणा माणूस म्हणेल, प्रश्नांचे क्रमांक ओळीने वाढतात ना, मग मागच्यापेक्षा बरोबर एकाने मोठा आकडा आला तरच प्रश्न धरा. तिसऱ्या प्रश्नानंतर प्रोग्राम चारची वाट बघतो. यादीतले १, २, ३ तो बाणेदारपणे नाकारतो. आणि मग येतो ४. छायाचित्रं! त्यांना तो हार घालून आत घेतो. खरा चौथा प्रश्न दारात येतो, तेव्हा प्रोग्राम पाचची वाट बघत असतो, त्यामुळे तो बिचारा उत्तरात जमा होतो. नोंद अशी तयार होते:

```json
{
  "question": "दोन छायाचित्रे (टोपी न घातलेली)",
  "answer": "४) अनामत रक्कम परत मिळण्याबाबत.\nअनामत पावती दाखविल्यास परत मिळते."
}
```

यातला खरा कावा पुढेच आहे. पाचवा प्रश्न पाचवाच सापडतो, सहावा सहावा, आणि शेवटी मोजलं तर नोंदी बरोबर २६. हिशेब जुळला की आपण वही मिटतो. इथे जुळलेला हिशेबच फसवतो. त्यामुळे नोंदी मोजण्यापेक्षा नुसते प्रश्न एकाखाली एक छापून मोठ्याने वाचावेत. छायाचित्रांपाशी जीभ अडखळतेच. दुसरी खूण म्हणजे एखादं उत्तर आकड्याने सुरू होतंय का ते बघणं. तसं दिसलं तर आत कुणीतरी कोंडलेलं असण्याची शक्यता फार.

माझं स्पष्ट मत असं, की २६ प्रश्नांसाठी हुशार नियम शोधणं हा निव्वळ माज आहे. प्रश्न कुठे सुरू होतो हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. हाताने क्रमांक पुसावा आणि प्रत्येक प्रश्नाआधी `##` टाकावं. प्रश्न दोन ओळींत मोडला असेल तर जोडून एक ओळ करावी. तो सगळा मजकूर `text` मध्ये घेतला की उरलेलं काम यंत्राचं:

```python
import json, re
items = []
for b in re.split(r"^##\s*", text, flags=re.M)[1:]:
    q, _, a = b.partition("\n")
    items.append({"question": q.strip(), "answer": a.strip()})
print(json.dumps(items, ensure_ascii=False, indent=2))
```

पहिली ओळ प्रश्न, बाकी सगळं उत्तर. अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम हाताने टाकायच्या फंदात पडूच नये, कारण काका पुस्तकांची नावं सरळ दुहेरी अवतरणात लिहितात. जेसनला वाटतं मजकूर तिथेच संपला, आणि तो तक्रार करतो `Expecting ',' delimiter`. म्हणजे दुखतंय अवतरणचिन्ह आणि मागतोय स्वल्पविराम. तो दिला तर पुढच्या शब्दाला आणखी काही मागतो. `json.dumps` अशा प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपणहून उलटी तिरकी रेघ घालतं आणि उत्तरातल्या नव्या ओळीचं `\n` करतं. त्यातलं `ensure_ascii=False` विसरू नये. ते नसलं तरी जेसन शंभर टक्के बरोबर असतं, पण 'पुस्तक' च्या जागी `\u092a\u0941\u0938\u094d\u0924\u0915` दिसतं, आणि काकांना वाटतं वाचनालयावर कुणीतरी करणी केली.

अदृश्य कचऱ्याचंही बघावं लागतं. व्हॉट्सॲपवर येईपर्यंत मजकूर चार ठिकाणी राहून आलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणाहून न दिसणारी अक्षरं सोबत आणतो. ती सरसकट पुसणारे तयार नुस्खे मिळतात, पण मराठीत ते वापरू नयेत. शून्य रुंदीची जागा, `U+200B`, खुशाल काढावी. तिच्या शेजारची `U+200D` मात्र जोडणारी असते. काही कळफलकांवरून 'दुसर्‍या' लिहिलं की र मोडून जो अर्धचंद्र दिसतो, तो तिच्या जिवावर उभा असतो. ती पुसली की होतं 'दुसर्या'. जेसन तपासणारा एकही प्रोग्राम यावर हरकत घेत नाही. काका घेतात, शुद्धलेखनाच्या नियमासह.

शेवटी उरली ती उत्तरं जी रचनेने अचूक आणि अर्थाने पोरकी. अकराव्याचं उत्तर 'वरीलप्रमाणे.' बाराव्याचं 'सदर.' कागदावर वर काहीतरी असतं. ॲपमध्ये माणूस शोधून थेट अकराव्यावर पोचतो, त्याच्या वर फक्त मोबाइलची बॅटरी दिसते. तिथे दहाव्याचं उत्तर पुन्हा पूर्ण लिहावं लागलं. 'अर्जासाठी येथे क्लिक करा' मधली 'येथे' ची लिंक चिकटवतानाच गळून पडलेली, ती काकांकडून वेगळी मागवली. काकांनी लिंकचा फोटो पाठवला.

फाइल दिली, ॲपमध्ये चढली, छायाचित्रं कागदपत्रांत परत गेली. रात्री काकांचा निरोप आला: "छान झाले आहे. फक्त चौथ्यानंतर '४अ' घालणे. विषय: टोपीबाबत."