निवेदन म्हणजे कुबडीच का?

«चित्रपटात निवेदन आले की समजावे, पटकथा फसली. चित्रपट हे डोळ्यांचे माध्यम; जे दाखवता आले नाही, तेच सांगावे लागते. पुढे काय होणार ते आधीच सांगितले की उत्कंठा संपते. कादंबरीवरून चित्रपट करणाऱ्यांची तर ही हमखास पळवाट. ‘ब्लेड रनर’मधले निवेदन काढले आणि चित्रपट सुधारला, यातच सगळे आले.»

कोल्हापुरात लघुपट करू पाहणाऱ्या मुलांच्या संहिता वाचताना हा मजकूर मला वारंवार ऐकवला जातो. त्याच्या धाकाने चांगली, गरजेची निवेदने खोडली जाताना मी पाहिली आहेत, म्हणून त्याला क्रमाने उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

डोळ्यांच्या माध्यमाबद्दल प्रथम. बाबूराव पेंटरांनी याच शहरात ‘सैरंध्री’ केला तो 1920 साली, म्हणजे पडद्याला आवाज मिळण्याच्या कितीतरी आधी; परंतु मूकपटांच्या त्या काळातही दोन दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत आणि स्थळ, काळ, संवाद प्रेक्षकाला वाचायला मिळत. शब्द हा चित्रपटात मागाहून घुसलेला परका नाही. अर्थात, एवढ्याने निवेदनाचे समर्थन होत नाही, कारण पाटी दृश्यातली उणीव भरून काढत असे आणि आक्षेप नेमका उणीव भरण्यालाच आहे. खरा प्रश्न असा की, दृश्यात काहीही उणे नसताना आवाजाला काही काम उरते का?

टेरेन्स मॅलिकचा 1973 चा ‘बॅडलँड्स’ या प्रश्नाचे उत्तर देतो. पंधरा वर्षांच्या हॉलीचा प्रियकर किट तिच्या वडिलांना तिच्यादेखत गोळी घालतो, घर पेटवतो, आणि दोघे पळत सुटतात. वाटेत आणखी माणसे मरतात. हे सगळे आपल्याला पडद्यावर स्वच्छ दिसते. त्यावर जो आवाज ऐकू येतो तो हॉलीचा, आणि ती बोलते स्वस्त प्रेमकथांच्या मासिकातल्या नायिकेसारखी, सपाट आणि थोड्या स्वप्नाळू सुरात. नुसते दृश्य ठेवले तर उरतो एक खुनी आणि त्याच्यामागे गप्प चालणारी मुलगी. नुसता आवाज ठेवला तर उरते एक प्रेमकहाणी. दोन्ही एकत्र आले की मगच कळते की ही मुलगी जे पाहते आहे त्याचा अर्थ स्वतःपर्यंत पोहोचू देत नाही, आणि चित्रपटाचा गाभा तोच आहे. एका ठिकाणी ती सांगते की, किटकडे लक्ष देणे तिने आता सोडले होते, आणि गाडीत बसून ती जिभेने टाळूवर अख्खी वाक्ये लिहीत होती, जिथे ती कुणालाच वाचता येणार नव्हती. कॅमेऱ्याने हे दाखवायचे ठरवले तरी त्याला दिसेल ते मिटलेले तोंड. शेवटी, आपला खटला लढवणाऱ्या वकिलाच्या मुलाशी आपण लग्न केले हेही ती त्याच सुरात सांगून मोकळी होते, आणि मला तरी ते पडद्यावरच्या कोणत्याही गोळीपेक्षा अधिक हादरवणारे वाटते.

उत्कंठेचा आणि कादंबरीचा असे दोन्ही मुद्दे एकाच चित्रपटावर तपासता येतात. स्टॅन्ली कुब्रिकचा 1975 चा ‘बॅरी लिंडन’ थॅकरेच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीत बॅरी स्वतःच आपली कथा सांगतो, आणि सांगताना भरपूर बढाया मारतो. निवेदन ही पळवाट असती, तर कुब्रिकने तो ‘मी’ जसाच्या तसा उचलला असता. त्याने बॅरीचे तोंड बंद केले आणि कथा एका तटस्थ, वयस्क, त्रयस्थ आवाजाकडे सोपवली. पुस्तकातला बढाईखोर आपल्याला शब्दांच्या फटींतून ओळखावा लागतो. पडद्यावर तोच कॅमेऱ्यासमोर उभा असल्याने त्याच्या बढाया क्षणोक्षणी खोट्या पडल्या असत्या आणि सगळ्याचे प्रहसन झाले असते. बदल करण्याजोगा होता आणि तो विचारपूर्वक केला गेला.

हाच आवाज बॅरीचे आपल्या लहान मुलावरचे आंधळे प्रेम सांगता सांगता आपल्याला कळवतो की, बॅरीच्या मागे त्याच्या वंशाचे कुणी राहणार नाही आणि त्याचा शेवट दारिद्र्यात, एकटेपणी, निपुत्रिक अवस्थेत होईल. घोड्यावरून पडून मुलगा मरतो, ते त्यानंतर घडते. मुलगा घोडा मागतो तेव्हा बॅरीला काहीच माहीत नसते, आणि आपल्याला मात्र माहीत असते. म्हणून एरवी कौतुकाने पाहिला असता तो हट्ट आता बघवत नाही. ‘काय होणार’ ही उत्कंठा गेली हे खरे, परंतु तिच्या जागी ‘हे कसे होणार आणि थांबवता का येत नाही’ ही अधिक जीवघेणी उत्कंठा आली. अफझलखानाचा पोवाडा ऐकायला बसलेल्या कोणत्या श्रोत्याला शेवट ठाऊक नसतो? तरी शामियान्यातली भेट आली की मंडळी श्वास रोखून ऐकतातच.

‘ब्लेड रनर’बद्दलची माहिती खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. चाचणी खेळांतले प्रेक्षक गोंधळले म्हणून 1982 च्या आवृत्तीत नायक डेकार्डचे निवेदन घातले गेले आणि 1992 च्या आवृत्तीत ते काढले गेले. त्यातली सर्वांत वाईट जागा पाहा: डेकार्ड ज्याला मारायला निघालेला असतो तो कृत्रिम मानव रॉय बॅटी डेकार्डचाच जीव वाचवतो, पावसात आपले अखेरचे शब्द बोलतो आणि मरतो. डेकार्डच्या चेहऱ्यावर सगळे उमटलेले असताना त्याचाच आवाज येतो आणि बॅटीने आपल्याला का वाचवले असावे, बहुधा अखेरच्या क्षणी त्याला जीवन अधिक प्रिय झाले असावे, असे आपल्याला समजावतो. प्रेक्षकाने स्वतः करायचे काम इथे हिरावून घेतले जाते. दोष आहे तो या पुनरुक्तीचा. निवेदन उशिरा घातले हा दोष म्हणावा, तर मॅलिकच्याच 1978 च्या ‘डेज ऑफ हेवन’मध्येही ते संकलनाच्या काळात आले, लहानग्या लिंडा मॅन्झच्या, बऱ्याच अंशी उत्स्फूर्त बोलण्यातून ते घडले, आणि त्याच्याशिवाय त्या चित्रपटाची कल्पना करवत नाही.

आक्षेप कुठे लागू पडतो हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या लघुपटांत तो पुष्कळदा लागू पडतो. बंद पडत चाललेल्या गुऱ्हाळावरच्या एका लघुपटात काहिलीत रस उकळताना आवाज म्हणत होता की रस उकळत होता, आणि गुळव्या आजोबांचे डोळे भरून आले की आवाज म्हणत होता, ‘आजोबांना फार वाईट वाटत होते.’ आम्ही तो भाग आधी निवेदन बंद करून पाहिला. काहीच हरवले नाही. मग डोळे मिटून नुसते निवेदन ऐकले. दृश्यात नसलेले त्यातही काही नव्हते. अशा वेळी निवेदन निःसंकोच काढावे. त्या मुलाने ते काढले, आणि त्याऐवजी नातवाच्या आवाजात वहीतला हिशेब वाचून घेतला: ढेपा किती, दर काय, उसाचे देणे किती, मजुरी किती. दृश्यात आजोबा पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून, पाक झाला की नाही ते पाहत आहेत. नातू आकड्यांत बोलतो, आजोबा बोटांनी ओळखतात, आणि दोघांपैकी कुणीही गुऱ्हाळ बंद होणार असे म्हणत नाही. एक दुरुस्ती तरीही करावी लागली: शेवटचा आकडा गोळी वळण्याच्या क्षणावरच येत होता, म्हणून तो पुढे सरकवून बोटांभोवती थोडी शांतता ठेवली.