लग्नाच्या दाखल्याचा योग्य वापर

नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कारही गुन्हा धरावा, या मागणीवर परवा नात्यातल्या ग्रुपवर एका काकांनी ढकलपत्र टाकलं: ‘आता बायकोला हात लावायचा तरी पावती घ्यावी लागणार!’ खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. काकूही त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि लगेच काढून टाकलं. मागे राहिली ती ‘मेसेज डिलीट केला’ एवढीच ओळ. मी विचारलं, काका, तिची इच्छा नसेल तर? उत्तर हजर: ‘मग लग्न कशाला केलं?’ आणि पुढे हात जोडलेली दोन चित्रं.

एवढ्या आत्मविश्वासाने बोलायला तयारी लागते. ज्यांना काकांच्या पंगतीत बसायचं असेल, त्यांच्यासाठी हे काही सल्ले.

‘वैवाहिक बलात्कार’ हे शब्द कानावर पडले की आधी हसा. विचार नंतर केला तरी चालतो, नाही केला तरी चालतो.

मग छातीठोकपणे सांगा की हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपली परंपरा वेगळी. फक्त या परंपरेचा मूळ पुरुष कोण, हे कुणाला शोधू देऊ नका. कारण तो निघतो सर मॅथ्यू हेल, 17व्या शतकातला इंग्रज न्यायाधीश. लग्न करताना बायकोने स्वतःला नवऱ्याच्या स्वाधीन केलेलं असतं आणि ती संमती तिला मागे घेता येत नाही, म्हणून नवरा तिच्यावरच्या बलात्काराचा दोषी ठरूच शकत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. ते छापलं गेलं 1736 साली, तो जाऊन 60 वर्षं झाल्यावर. आधाराला ना एखादा कायदा, ना एखादा निकाल. साहेबांना तसं वाटलं, एवढंच. याच साहेबांनी 1662 मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून दोन बायकांना फाशीही सुनावली होती. चेटकिणींवरचा त्यांचा विश्वास आपण सोडला, हा मात्र जपून ठेवलाय. पुढे इंग्रजांनी 1860 ची दंडसंहिता आणली आणि त्यात नवऱ्यासाठी अपवाद घातला. आपण तो संस्कृती म्हणून मिरवतो.

‘इंग्लंडने ते कधीच सोडून दिलं’ असं कुणी म्हणालं तर विषय बदला. तो खटला लोकांना कळणं आपल्या सोयीचं नाही. 1989 मध्ये एक बाई मुलाला घेऊन आईवडिलांकडे राहायला गेली. घटस्फोट घेणार असल्याची चिठ्ठी तिने मागे ठेवली होती. नोव्हेंबरात आईवडील घरी नसताना नवरा जबरदस्तीने आत शिरला, तिचा गळा दाबला आणि बळजबरीचा प्रयत्न केला. कोर्टात त्याचं म्हणणं काय? मी नवरा आहे, माझ्यावर हा आरोप लागूच होत नाही. म्हणजे हेलसाहेब, अडीचशे वर्षांनंतर. न्यायाधीशांनी ते मानलं नाही, तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला; तीन वर्षांची शिक्षा झाली. तो वर गेला आणि 23 ऑक्टोबर 1991 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की आजच्या काळात ही सूट कायद्यात कुठेच बसत नाही. तो तिथेही थांबला नाही. ‘मी केलं तेव्हा हा गुन्हा नव्हता’ म्हणत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि 1995 मध्ये तिथेही हरला. चिकाटी घ्यावी तर अशी.

आता मुख्य सल्ला. त्या 1860 च्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 63 अर्धंच वाचा. पूर्ण वाचलंत तर डोकं दुखेल. बलात्कार म्हणजे काय ते सांगतानाच या कलमात संमतीचा अर्थही दिलाय: स्पष्ट, स्वेच्छेने दिलेला होकार, शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य मार्गाने व्यक्त केलेला, आणि तोही त्या विशिष्ट कृतीसाठी. काल हो म्हणाली म्हणून आज हो असं नाही, या कृतीला हो म्हणाली म्हणून त्या कृतीलाही हो असं नाही. बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, तर केवळ तेवढ्यावरून संमती धरायची नाही, हेही तिथेच लिहिलंय. कारण भीतीने माणूस गोठतो, शेजारच्या खोलीत पोरं झोपलीत म्हणून ओठ दाबून पडून राहतो. इतकं सगळं समजून लिहिलं आणि मग त्याच कलमाच्या शेवटी अपवाद: बायको 18 वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने केलेला संभोग बलात्कार नाही. एवढी व्याख्या कुणासाठी केली मग? जगातल्या प्रत्येक पुरुषाने तिचा होकार बघायचा, फक्त ज्याच्याबरोबर ती रोज एका छताखाली राहते त्याने नाही! आणि पुढे कलम 67. तीच बायको वेगळी राहायला लागली, कोर्टाचा हुकूम असो वा नसो, तर त्याच नवऱ्याला तिच्या संमतीशिवायच्या संभोगासाठी दोन ते सात वर्षं. म्हणजे दागिन्यांची पिशवी आणि मुलांची दप्तरं घेऊन ती उंबरठ्याबाहेर पडली की तिचं ‘नाही’ कायद्याला ऐकू येणार, आणि ज्या रात्री ते ‘नाही’ ऐकायला हवं होतं त्या रात्री बहिरेपण. लग्न तर दोन्हीकडे शाबूतच आहे ना हो? मग लग्नाने संमती दिली जाते हा सिद्धांत गेला कुठे? 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं जुन्या दंडसंहितेतल्या याच अपवादावर एकमत झालं नाही. एकाने तो घटनाबाह्य ठरवला, दुसऱ्याने राखला. इकडे काकांचं मत मात्र एकमताने मंजूर.

‘घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे की’ असंही म्हणत जा. आहेच, 2005 चा, आणि त्यात लैंगिक छळ धरलाय. पण तिथे प्रामुख्याने संरक्षणाचा आदेश मिळतो, बलात्काराची शिक्षा नाही, हे सांगायची गरज नाही.

मग हुकमी पान काढा: खोट्या केसेस.

आता यावर मला उपरोध सुचत नाहीये, सरळच बोलते. पुरावा मिळवणं अवघड आहे, हे खरं. बंद खोलीत साक्षीदार नसतो. पण बंद खोलीतल्या मारहाणीलाही नसतो, तरी तो गुन्हाच आहे. तिथे जखमा बघतात, मेसेज बघतात, तिने दुसऱ्या दिवशी कुणाला काय सांगितलं ते बघतात, उलटतपासणी करतात. आरोप सिद्ध झाला नाही तर माणूस सुटतो. पुरावा अवघड म्हणून कृत्यच गुन्हा नाही, हे लॉजिक तुम्ही चोरीला लावाल का? लावणार नाही, कारण तिथे तुमचं घर फुटतं.

आणि ‘लग्न कशाला केलं’ हा प्रश्न पुन्हा विचारू नका. बायको शरीरसंबंधाला सतत नकार देत असेल तर ते दुःख खरं असू शकतं. बोला, समुपदेशकाकडे जा, नाहीच जमलं तर घटस्फोटाचा अर्ज करा. कायद्यात तो रस्ता आहे. तिचे हात धरून ठेवणं हा रस्ता नाही. पावतीबिवती कुणी मागितलेली नाही, काका. विचारायचं असतं. ती नाही म्हणाली, गप्प झाली, अंग आक्रसून घेतलं, तर थांबायचं असतं. हे एवढं करताना तुमच्या पुरुषार्थाला धक्का लागत असेल तर तो तुमचा प्रश्न आहे, तिचा नाही. आणि पुढच्या वेळी असलं काही फॉरवर्ड करण्याआधी काकूंनी काय लिहून पुसलं, ते त्यांना विचारा.