शंभर फोटो कोंबले म्हणजे कुर्ता शिकवला असं होत नाही

"कलेक्शनचे असतील तेवढे सगळे फोटो टाका, शंभर-दोनशे असले तर उत्तमच. स्टेप्स भरपूर ठेवा. लोरा एकदा शिकला की तोच पोशाख कुठल्याही एडिटमध्ये हुबेहूब येतो, परत शूट करायला नको."

चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला एखादा पोशाख शिकवायचा म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. लोरा म्हणजे त्या मॉडेलला लावायचा, तुमच्या फोटोंवरून शिकणारा छोटा अडॅप्टर. मी नेमकं हेच करून बसलो होतो. वेंगुर्ल्यात वहिनी कपडे शिवते आणि त्या कपड्यांचे फोटो मी काढतो. पावसाळ्याआधी तिच्या चौदा पोशाखांचे एकशे दहा फोटो एकाच अडॅप्टरला दिले. त्यातला निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा कुर्ता मला हवा होता: डावीकडे एक खिसा, खिशावर हळदी पट्टी, पुढे करवंटीची पाच बटणं. निघाला तो कुर्ता चौदांच्या सरासरीचा होता. पट्टी कधी गळ्याला, कधी बाहीला. चौकड्या होत्या, पण त्या दुसऱ्याच ओढणीच्या.

"सगळे फोटो टाका" इथेच फसतं. लोरा मूळ मॉडेल बदलत नाही. मॉडेलच्या काही थरांना दोन बारीक मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांची, जोड देतो आणि शिकतं ते तेवढंच. चौदा पोशाख दिले की चौदांनाही त्याच छोट्या जागेत राहावं लागतं. प्रत्येकाला वेगळा शब्द दिला तरी एकाची पट्टी दुसऱ्याला चिकटते. कलेक्शनचा एकंदर बाज, म्हणजे सुती कापडाची पोत, निळ्याची छटा, सैल शिवण, हे मात्र अशा अडॅप्टरमध्ये छान उतरतं. नुसता बाजच हवा असेल तर जरूर सगळे टाका. विशिष्ट कुर्ता हवा असेल तर त्याच कुर्त्याचे, आणि त्याचा अडॅप्टर वेगळा. दुसऱ्या वेळी मी चोवीस फोटो घेतले: समोरून, पाठून, बसलेली, चालताना, आणि सहा अगदी जवळून. मूळ मॉडेल एसडीएक्सएल, जे शब्दांवरून चित्र काढतं; रँक, म्हणजे त्या दोन मॅट्रिक्सची रुंदी, 16.

तरीही गडबड झालीच, आणि ती फोटोंच्या संख्येची नव्हती. अंगणातल्या जांभ्याच्या भिंतीसमोर उजेड चांगला येतो म्हणून चोवीसपैकी एकोणीस फोटो तिथलेच. मग "समुद्रकिनाऱ्यावर" म्हणून मागितलेल्या फोटोतही मुलीमागे लाल दगड उभे राहायचे आणि पांढऱ्या चौकड्या गुलाबट दिसायच्या. भिंतीचा लाल उजेड कापडावर पडला होता आणि अडॅप्टरने तो कापडाचाच रंग मानला.

इथे कॅप्शन, म्हणजे प्रत्येक फोटोसोबत द्यायचं वर्णन, कामाला येतं, आणि लोक नेमकं उलटं लिहितात. कुर्त्याचं इत्थंभूत वर्णन करतात आणि भिंतीबद्दल अवाक्षर नाही. ढोबळ नियम असा: जे शब्दांत लिहाल ते त्या त्या शब्दाच्या खात्यात जातं आणि पुढे बदलता येतं, जे सगळ्या फोटोंत आहे पण लिहिलेलं नाही ते पोशाखाला दिलेल्या तुमच्या खास शब्दात मुरतं. म्हणून चौकड्या, खिसा, बटणं लिहायची नाहीत. भिंत, उजेड, उभं राहणं लिहायचं. माझा खास शब्द vngkurta, आणि एक फाइल अशी होती:

```
vngkurta kurta, a woman standing in front of a red laterite wall, overcast daylight, hands at her sides
```

पण गुलाबटपणा नुसत्या कॅप्शनने जात नाही, कारण पांढऱ्यावर तो खरोखरच पडलेला असतो. दहा फोटो माजघरात, खिडकीजवळ पांढरी चादर टांगून पुन्हा काढले आणि भिंतीचे तेवढे काढून टाकले, तेव्हा पांढरा पांढरा झाला.

मग वहिनीने निकाल बघितला आणि म्हणाली, "भावजी, ह्यो खिसो उजवीकडे कसो इलो?" मी दोन तास कॅप्शन चाळत बसलो. दोष सेटिंगमध्ये होता. फोटो कमी पडू नयेत म्हणून ट्रेनिंगच्या स्क्रिप्टमध्ये प्रतिमा अधूनमधून आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटवायची सोय असते. चेहऱ्याला, डोंगराला ती चालते. एका बाजूला खिसा असलेल्या कपड्याला नाही, साडीला तर मुळीच नाही. पदर उजव्या खांद्यावर जाईल. डेटासेटच्या फाइलमध्ये एवढी ओळ बघा:

```
flip_aug = false
```

"स्टेप्स भरपूर" याचं उत्तर लहान आहे. चोवीस फोटो, एका स्टेपला एक, म्हणजे 240 स्टेप्समध्ये प्रत्येक फोटो दहा वेळा दिसतो. मी 2,880 पर्यंत नेलं आणि दर 240 ला अडॅप्टरची फाइल साठवली. मग एकच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, ठेवून प्रत्येक फाइलकडून तेच चार फोटो मागितले: किनाऱ्यावर, रात्री दिव्याखाली, पायरीवर बसलेली, आणि चौथा खास शब्दाशिवाय "ऑफिसात पांढऱ्या शर्टातला माणूस". 720 ला चौकड्यांची रुंदी हलत होती. 1,200 ला सगळं जागेवर. 1,920 च्या पुढे बसायला सांगितलं तरी ती उभीच, हात बाजूला. 2,400 ला ऑफिसातल्या माणसाच्या शर्टावरही निळ्या चौकड्या आल्या. चौथा फोटो म्हणूनच मागायचा. पोशाख शब्दाच्या बाहेर सांडायला लागला की तिथे कळतं. मी 1,200 ची फाइल ठेवली.

राहिलं "हुबेहूब". हे कितीही ट्रेनिंग केलं तरी होणार नाही, कारण अडचण अडॅप्टरच्या आधीच आहे. एसडीएक्सएल 1024 पिक्सेलचं चित्र थेट काढत नाही; ते 128 बाय 128 च्या आकुंचित रूपात काढतं, म्हणजे प्रत्येक बाजूने आठ पिक्सेलचं एक घर. पूर्ण उभ्या फोटोत 160 सेंटिमीटरची बाई साधारण हजार पिक्सेल व्यापते. करवंटीचं बटण सव्वा सेंटिमीटर, म्हणजे आठ पिक्सेलच्या आसपास. अख्खं बटण एका घरात! बटणं कधी पाच दिसतात, कधी सहा, कधी नुसता तपकिरी ठिपका, यात नवल नाही. उपाय आहे: छातीचा भाग कापून 1024 पर्यंत मोठा करायचा, तेवढाच भाग अडॅप्टर लावून पुन्हा रंगवायचा आणि परत जागी बसवायचा. जवळून काढलेले ते सहा फोटो तेव्हा उपयोगी पडतात. तरी बटणं मी हाताने मोजतो. गिऱ्हाईक फोटो बघून पैसे पाठवतं, आणि चित्रात सहा दाखवून पाच दिली तर फोन वहिनीला येतो, मला नाही.

आणि "कुठल्याही एडिटमध्ये" म्हणताना एक साधी गोष्ट सुटते. फक्त मागचं दृश्य बदलायचं असेल तर अडॅप्टर लावायचाच कशाला? कुर्त्यावर मास्क टाकून, म्हणजे तेवढा भाग झाकून, बाकीचंच रंगवायचं. फक्त शेवटी मूळ फोटोतला कुर्ता वर परत चिकटवायचा, कारण अख्खं चित्र त्या आकुंचित रूपातून जाऊन येतं आणि मास्कखालच्या बारीक रेघाही किंचित हलतात. अडॅप्टर लागतो तो अंगस्थिती किंवा अंगातली बाई बदलते तेव्हा, कारण चुण्या नव्याने पडाव्या लागतात.

"परत शूट नको" म्हणाल तर मी या खटपटीत चादर टांगून दहा फोटो परत काढलेच. पाठीमागून बाहीची शिवण कशी आहे हे अडॅप्टरला अजूनही नीट माहीत नाही, कारण तसे माझ्याकडे दोनच फोटो होते आणि एकात वहिनीचा पदर आडवा आला होता. पाऊस उघडला की ते काढायचेत.