वडिलांचं घर विकलं, तर खरेदी किंमत कुणाची?

“वडिलोपार्जित घर विकताय? सावधान! घर तुम्हाला फुकट मिळालं, म्हणून खरेदी किंमत शून्य धरतात आणि अख्ख्या विक्रीवर टॅक्स लागतो. वाचायचं असेल तर वडील गेले त्या तारखेचं व्हॅल्युएशन करून घ्या, तीच तुमची खरेदी किंमत. शिवाय तुमचं नाव लागल्यापासून दोन वर्षं थांबा, नाहीतर शॉर्ट टर्म धरून स्लॅबने टॅक्स. आणि इंडेक्सेशन तर २०२४ मध्येच बंद झालं. सगळ्यांना पाठवा.”

हा फॉरवर्ड कुटुंबांच्या ग्रुपवर फिरतोय. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय आणि घराचं काय करायचं हा विषय निघालाय, नेमके तेच लोक त्याला बळी पडतात. त्यातल्या तीन गोष्टी चुकीच्या आहेत आणि चौथी अर्धीच खरी, म्हणून एकेक घेऊन सविस्तर लिहितो. पुढे दिलेली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण वारसाहक्काच्या घराबाबतचा नियम तोच राहिला.

हिशोब दिसावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वडिलांनी १९९१ मध्ये नाशिकला एक रो-हाउस २,४०,००० रुपयांना घेतलं. २०१२-१३ मध्ये वर एक खोली चढवली, खर्च ३,००,००० रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गेले. आई आधीच गेलेली, एकुलती एक मुलगी वारस. मार्च २०२४ मध्ये मालमत्ता पत्रकावर तिचं नाव लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिने घर ९० लाखांना विकलं. दलाली ९०,००० रुपये गेली.

किंमत शून्य नाही. कलम ४९(१) सांगतं की मालमत्ता वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने आली असेल, तर आधीच्या मालकाने ती ज्या किमतीला घेतली, तीच तुमची खरेदी किंमत. यामागचं कारण समजलं की बाकीचं आपोआप समजतं. वडील गेले आणि घर मुलीकडे आलं, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ‘विक्री’ झालीच नाही, म्हणून त्या दिवशी कुणालाही भांडवली नफ्याचा कर लागला नाही. वडिलांच्या काळात किंमत जी वाढली, तिच्यावरचा कर फक्त पुढे ढकलला गेला. मग पुढे जेव्हा खरी विक्री होते, तेव्हा वारसाला वडिलांच्या जागी उभं करून सुरुवातीपासूनचा नफा मोजतात. सुरुवात वडिलांची, म्हणून किंमतही वडिलांची.

घर वडिलांनाही आजोबांकडूनच आलं असेल, तर आणखी मागे जायचं. ज्याने ते शेवटचं पैसे देऊन विकत घेतलं वा बांधलं, त्याच्यापर्यंत.

आता १९९१ चे २,४०,००० रुपये फारच कमी वाटतात, आणि तेच धरायची सक्ती नाही. आधीच्या मालकाकडे घर १ एप्रिल २००१ पूर्वी आलेलं असेल, तर त्या दिवशीचा वाजवी बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. इथे एक मर्यादा मात्र नीट पाहावी लागते, कारण बरेच जण तिथेच अडकतात. त्या तारखेचं रेडी रेकनरचं मूल्य उपलब्ध असेल, तर बाजारभाव त्याहून जास्त धरता येत नाही. आपल्या उदाहरणात नोंदणीकृत व्हॅल्युअरने २००१ चा भाव ९,५०,००० काढला, पण रेडी रेकनरने ८,००,००० येतात. मग ८,००,००० च धरायचे. उरलेले दीड लाख रिटर्नमध्ये टाकले, तर तपासणीत ते नक्की काढून टाकतात. आणि २००१ चा भाव घेतला की १९९१ ची स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी वेगळी मिळवायची नाही.

वडिलांनी २००१ नंतर वर चढवलेल्या खोलीचा खर्चही मुलीला मिळतो, पैसे तिने घातलेले नसले तरी. २००१ च्या आधीची सुधारणा मात्र त्या भावातच आली असं मानतात. रंगरंगोटी, गळती काढणं ही दुरुस्ती झाली, सुधारणा नव्हे. म्हणून खोलीच्या कामाची बिलं, कंत्राटदाराची पावती, बँकेतून गेलेले पैसे, नगरपालिकेची परवानगी, जे मिळेल ते शोधून ठेवा. जुन्या कपाटातली ती एक फाइल इथे लाखाच्या हिशोबाची ठरते.

मृत्यूच्या तारखेचं व्हॅल्युएशन. चौघांत हे सगळ्यात घातक आहे, कारण यात माणसाला वाटतं आपण कर वाचवला. हा नियम अमेरिकेचा आहे. तिथे माणूस गेला की वारसाची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावावर येते. भारतात तसं काही नाही. समजा आपल्या मुलीने नोव्हेंबर २०२३ चं ८० लाखांचं व्हॅल्युएशन लावलं आणि नफा अवघा ९,१०,००० दाखवला. विक्री नोंदणीकृत आहे, ती आयकर खात्याला दिसते. हिशोब मागितला की व्हॅल्युअरचा रिपोर्ट चालत नाही, मूळ कर तर भरावाच लागतो, त्यावर व्याज, आणि उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५०% पर्यंत. चुकीची माहिती देऊन कमी दाखवलं असं ठरलं, तर तोच दंड २००%.

व्हॅल्युअरकडे जायचंच असेल तर तारीख स्पष्ट सांगा: १ एप्रिल २००१. वडील कधी गेले त्याचा इथे संबंध नाही.

दोन वर्षांचा मुद्दा. घर किंवा जमीन २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीत असेल तर नफा दीर्घकालीन. हे २४ महिने मोजताना कलम २(४२अ) चं स्पष्टीकरण वडिलांचा काळ जोडायला सांगतं. आपल्या मुलीच्या बाबतीत मृत्यूपासून विक्रीपर्यंत २२ महिने होतात आणि नाव लागल्यापासून १८. फॉरवर्ड वाचून तिने घाबरून ग्राहक सोडला असता. पण तिचा काळ १९९१ पासून चालू आहे, म्हणजे जवळपास ३४ वर्षं. तिचा नफा दीर्घकालीनच. वडील गेल्याच्या पुढच्या महिन्यात विकलं असतं तरी दीर्घकालीनच राहिला असता.

फेरफार, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव, घरपट्टीवरचं नाव यांनी मालकी निर्माण होत नाही. हक्क मृत्यूच्या क्षणी येतो, कागद नंतर जुळतात. नाव लावणं ग्राहकासाठी आणि त्याच्या बँकेसाठी गरजेचं आहे, ते कराच्या काळाचं घड्याळ चालू करत नाही.

एका प्रसंगात मात्र नवी तारीख खरोखर लागते. तीन भावंडं वारस आहेत आणि एकाने बहिणीला पैसे देऊन हक्कसोड पत्र करून घेतलं. बहिणीचा तो हिस्सा त्याने विकतच घेतला. त्या हिश्शापुरती किंमत म्हणजे त्याने दिलेले पैसे आणि काळ त्या दिवसापासून. स्वतःच्या वारसाहक्काच्या हिश्शाचा हिशोब मात्र वडिलांपासूनच. आणि बहिणीने पैसे घेतले, म्हणून तिच्याकडेही भांडवली नफ्याचा हिशोब निघतो. हे दोन हिस्से एकत्र करून रिटर्न भरलं, की चूक ठरलेली.

इंडेक्सेशन, म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरणं. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५% झाला आणि इंडेक्सेशन गेलं, हे अर्धं खरं. निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांनी त्या तारखेपूर्वी मिळवलेल्या जमीन-घराला तुलना ठेवली आहे: १२.५% ने येणारा कर इंडेक्सेशनसह २०% च्या करापेक्षा जास्त असेल, तर जास्तीचा सोडून देतात. अनिवासी भावंडाला ही तुलना मिळत नाही. आपल्या मुलीकडे हक्क २०२३ मध्येच आलेला आहे, म्हणून तिच्याबाबत प्रश्न उरत नाही. वडील २३ जुलै २०२४ नंतर गेले असतील, तर ‘मिळवलेलं’ या शब्दावर वाद होऊ शकतो, तिथे सीएला कागद दाखवूनच पुढे जा.

इंडेक्सेशन कोणत्या वर्षापासून, यावर पूर्वी खात्याचं म्हणणं होतं की वारसाकडे घर आलं त्या वर्षापासून. मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात २०११ मध्ये हे फेटाळलं. ते प्रकरण बक्षिसाचं होतं, पण तत्त्व तेच: काळ आधीच्या मालकाचा धरता, तर निर्देशांकही त्याच्याच वर्षापासून.

आता मुलीचा हिशोब. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०१२-१३ चा २००, २०२५-२६ चा ३७६. इंडेक्सेशन न घेता खर्च ८,००,००० अधिक ३,००,०००, म्हणजे ११,००,०००. दलाली वजा जाता हातात ८९,१०,०००, नफा ७८,१०,०००, त्यावर १२.५% म्हणजे ९,७६,२५०. इंडेक्सेशन घेतलं तर ८,००,००० चे ३०,०८,००० होतात आणि खोलीचे ५,६४,०००. नफा ५३,३८,०००, त्यावर २०% म्हणजे १०,६७,६००. इथे १२.५% च स्वस्त पडतं. त्यावर सेस आणि तिचं उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेल्याने सरचार्ज वेगळा.

पण तेच घर मंद बाजारात ६० लाखांना गेलं असतं आणि दलाली ६०,००० असती, तर १२.५% ने ६,०५,००० येतात आणि २०% ने ४,७३,६००. म्हणजे इंडेक्सेशनने सव्वा लाखाहून जास्त वाचतात. या घरापुरता तोल साधारण ७७ लाखांच्या आसपास फिरतो. त्याच्या खाली इंडेक्सेशन, वर १२.५%. रिटर्नमध्ये नफा इंडेक्सेशनविनाच दिसतो, सवलत फक्त करात मिळते, म्हणून आकडा मोठा दिसला तर घाबरू नका.

फॉरवर्डवर विश्वास ठेवून शून्य किंमत आणि शॉर्ट टर्म धरलं असतं, तर पगारामुळे ३०% च्या स्लॅबमध्ये असलेल्या या मुलीने ८९,१०,००० वर २६,७३,००० भरले असते. असं रिटर्न आधीच कुणी भरलं असेल, तर मुदत संपण्याआधी सुधारित रिटर्न भरून जास्तीचा कर परत मागता येतो. त्यासाठी वडिलांच्या खरेदीखताची प्रत आणि इंडेक्स टू, २००१ चं रेडी रेकनर मूल्य दाखवणारा व्हॅल्युअरचा रिपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद हाताशी हवा. खरेदीखत सापडत नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन प्रमाणित प्रत मिळते.