ठाण्यापर्यंत मी तुझीच

प्रतिक्रिया: "ताई, तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. मैत्रिणीचा फोन घड्याळ लावून घ्यायचा, हे कुठलं नवीन फॅड? मी गिरगावात चाळीत वाढलो. आमच्याकडे कुणाला रडू आलं तर शेजारीण हातातलं काम टाकून बसायची. तुम्ही स्वार्थाला 'मर्यादा' असं गोंडस नाव दिलंय. ज्याच्या घरात आग लागलीये त्याला तुम्ही आता दुसऱ्याचं ऐकायचे धडे देणार का?"

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला एक वार वर्मी बसला, आधी तो मान्य करते. तासन्तास स्वतःचंच दुःख सांगणाऱ्या मैत्रिणीच्या फोनला वेळेची मर्यादा घालावी आणि तिलाही आपलं ऐकायला सांगावं, असं मागच्या लेखात म्हणताना घड्याळाचं मी फार कोरडेपणाने लिहिलं होतं. शिवाय त्याआधी मी काय करत होते ते लेखात आलंच नाही, आणि ते घड्याळापेक्षा वाईट होतं. अधूनमधून तिचा फोन वाजला तरी उचलायचा नाही आणि तासाभराने 'मीटिंगमध्ये होते गं' असा मेसेज टाकायचा, हे मी जवळजवळ दोन महिने केलं. सातच्या सुमाराला लोकलमध्ये कसली मीटिंग असते? तिलाही ते कळत असणार. ती काही बोलली नाही, पण पुढचा फोन आणखी लांबायचा. मिळतोय तोवर सगळं ओतून घ्यावं, पुन्हा उचलेल न उचलेल, असं काहीतरी तिच्या मनात येत असावं.

आता चाळीबद्दल. मीही दहा वर्षांची होईपर्यंत लालबागला चाळीतच होते, म्हणून हे बोलायचं धाडस करते. तुमची शेजारीण हातातलं काम टाकून बसायची, हे खरंच. पण ती एकटी बसायची का, आठवून बघा. आमच्या मजल्यावर कुणी रडायला लागलं की गॅलरीत चौघीजणी जमायच्या. एक पाणी आणायची, दुसरी 'तुझंही चुकलंच' म्हणून मोकळी व्हायची, तिसरी स्वतःच्या नवऱ्याचं पुराण सुरू करायची. तेवढ्यात नळाला पाणी यायचं की सगळ्या हंडे घेऊन पळायच्या. कुणाचंही दुःख सलग तासभर एकाच कानात जायचं नाही. ते वाटलं जायचं, मध्येच तुटायचं आणि त्याला उलट उत्तरही मिळायचं. मर्यादा तिथेही होती, फक्त ती कुणाला तोंडाने सांगावी लागत नव्हती. पाण्याची वेळ सांगायची.

माझ्या मैत्रिणीकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांची दादरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि सासू-सासरे, दीर-जाऊ असं अख्खं घर डोंबिवलीत दोन खोल्यांत भाड्याने आलं. ओळखीचा शेजार तुटला. उरला एक फोन आणि त्याच्या पलीकडे इअरफोन घातलेली मी. चार बायकांचं काम मी एकटी करत होते. त्यात उलट उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती, आणि पाणी तर यायचंच नाही.

मी फोर्टातल्या ऑफिसातून निघून सीएसएमटीहून फास्ट पकडायचे. भायखळ्याच्या आसपास तिचा फोन यायचा, तो डोंबिवली येईपर्यंत, म्हणजे तासभर. फास्ट गाड्या तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि आत शिरलं की आवाज तुटायचा. एकदा बोगदा सुरू झाला आणि मला चक्क हायसं वाटलं. त्या वाटण्याचीच लाज वाटत होती, तेवढ्यात गाडी बाहेर आली, आवाज परत आला, तर ती एका वाक्याच्या मध्यावर होती. मी मध्ये नव्हतेच, हे तिला कळलंही नव्हतं.

त्या आठवड्यात मी मोजलं. तिने मला किती प्रश्न विचारले? एक. 'जेवलीस का?' उत्तराला थांबली नाही. आणि दुधाच्या पातेल्याची गोष्ट किती वेळा सांगितली? चार वेळा. जाऊ दूध तापत ठेवते, विसरते, ऊतू जातं आणि करपलेलं पातेलं तसंच सिंकमध्ये टाकते. चारही वेळा तपशील तोच, संताप मात्र पहिल्यापेक्षा चौथ्या वेळी जास्त.

माझ्या मते खरी खूण हीच. किती वेळ बोललं हे महत्त्वाचं नाही. गोष्टीत नवीन काही येतंय का, ते बघायचं. माणूस पहिल्यांदा सांगतो तेव्हा सांगता सांगता त्याला स्वतःलाच काहीतरी उमगतं. चौथ्यांदा तेच आलं की ती रवंथ असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास मांडला होता. त्यात दोघांनी मिळून त्याच त्या त्रासाची उजळणी करत राहण्याकडे त्यांनी लक्ष वेधलं. अशी उजळणी जिथे जास्त तिथे मैत्री घट्ट होती, आणि उदासी-चिंताही जास्त होती. दोन्ही एकदम. मला तरी यातून एक गोष्ट कळली. असल्या फोननंतर 'आपण किती जवळच्या' असं वाटणं खोटं नसतं, पण त्या जवळिकीवरून तिला बरं वाटलं असेल असा हिशेब मांडता येत नाही.

वाफ बाहेर पडली की कुकर शांत होतो, ही आपली आवडती समजूत. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी त्याच वर्षी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी विद्यार्थ्यांच्या निबंधावर अपमानकारक शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. सगळ्यात जास्त राग गुद्दे मारणाऱ्यांचा राहिला. नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. म्हणजे उचललेल्या प्रत्येक फोनवर तासभर 'हो ना गं, काय बाई आहे' म्हणत मी तिचा कुकर उतरवत नव्हते. गॅस मोठा करत होते. तुम्ही ज्याला माया म्हणता ती मी दोन महिने केली, आणि त्या दोन महिन्यांत तिचं जावेशी बोलणं पार बंद झालं.

मग घड्याळ. खरं तर घड्याळ नव्हतंच, स्टेशन होतं. फोन उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "आत्ता भायखळा गेलं. ठाण्यापर्यंत मी तुझीच. ठाण्यानंतर इअरफोन काढणार, डोकं भणभणतंय." सगळी मेख 'उचलल्या उचलल्या'मध्ये आहे. हेच वाक्य चाळिसाव्या मिनिटाला बोललं की समोरच्याला वाटतं, आपल्या बोलण्याचा कंटाळा आला. सुरुवातीला बोललं की ती आजच्या दिवसाची माहिती असते.

तरी ती दुखावलीच. "आता तुलाही मी जड झाले?" मी म्हणाले, "जड झाली असतीस तर फोन उचलला नसता." (जे मी दोन महिने करत होते. पण ते कबूल करायला आणखी महिना गेला.) तीन दिवस तिचा फोन नाही.

रविवारी सकाळी अकराला मी स्वतःहून फोन केला. मागच्या लेखात नेमकं हेच राहिलं, म्हणून तो तुम्हाला स्वार्थी वाटला असणार. वेळ कापली की दुसरीकडे ती आपण होऊन द्यावी लागते. नाहीतर समोरच्याच्या हातात फक्त बंद दार राहतं. रविवार अकरा ठरला, फोन मी करायचा. दोन-तीन रविवार मी चुकले नाही, तेव्हा आठवड्यातले फोन आपसूक आखडले.

दुसरा बदल प्रश्नाचा. पूर्वी मी 'मग ती काय म्हणाली?' असं विचारायचे आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. आता आधी विचारायचे, "आज नुसतं ऐकू, की डोकं लावू?" ती 'ऐक' म्हणाली तर ऐकायचं, मध्ये शहाणपणा नाही. पण पातेलं पाचव्यांदा आलं तेव्हा म्हणाले, "पातेल्याचं कळलं. उद्या सकाळी दूध कोण तापवणार?" फोनवर शांतता. मग, "मीच. वेगळी पिशवी आणते, वेगळं पातेलं." अर्ध्या लिटरची पिशवी आणि एक छोटं पातेलं, एवढंच. जाऊ सुधारली नाही. पातेलं मात्र बोलण्यातून गेलं.

आणि हो, ऐकायचे धडे. दिले मी. मनात कुढत बसण्यापेक्षा स्पष्ट मागितलं. "आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मला भीती वाटतेय. सल्ला नको, पाच मिनिटं फक्त ऐक." दोन मिनिटं टिकली. मग "माझ्या सासूचं ना..." मी म्हणाले, "थांब, अजून माझंच चाललंय." ती हसली आणि थांबली. मागितल्यावर जो थांबतो त्याला सवय नसते, एवढंच. मागूनही महिनोन् महिने जो थांबतच नाही, त्याच्याशी मी रविवारही ठेवला नसता.

तुमच्या आगीच्या मुद्द्यावर मात्र आपलं भांडण नाही. खरी आग असेल तर ठाणं नाही, कल्याण नाही, गाडीतून उतरून तिच्या घरी जायचं. पण आग आणि धूर यात फरक करावा लागतो. झोप उडालीये, जेवण तुटलंय, 'मी नसलेलीच बरी' असलं वाक्य आलंय, तर सरळ विचारायचं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलतो. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावायचा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथे मैत्रीण पुरी पडत नाही. पडते असं समजणं हा तुमचा-माझा दोघांचाही गैरसमज होईल.

माझ्या मैत्रिणीचं विचाराल तर नवी इमारत झाली, जाऊ वेगळी राहते, दोघी आता भाऊबीजेला एकमेकींकडे जातात. गेल्या रविवारी मी फोन केला तर पहिलं वाक्य तिचं होतं, "आईच्या दुसऱ्या डोळ्याचं कधी गं?" मला इतका आनंद झाला की मी सविस्तर सांगायला लागले. तीन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात सोसायटीचं पार्किंग आलं.