पेट्या गाडीतून गेल्या, पैसे स्क्रीनशॉटमध्येच राहिले

"सर्व दुकानदार व बागायतदार बंधू-भगिनींसाठी महत्त्वाचे! गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर हिरवी खूण आणि १२ आकडी यूटीआर नंबर असेल तर पेमेंट १०० टक्के खरे. सोबत एसएमएस आला तर प्रश्नच नाही. खात्यात पैसे दिसत नसले तरी घाबरू नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २४ तासांत येतातच, माल देऊन टाका. नाहीच आले तर १९३० ला फोन करा, पैसे परत मिळतात. जास्तीत जास्त शेअर करा."

मावशीने हा मेसेज परवा आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली चार जणांनी अंगठे दाखवले. त्याच ग्रुपवर माझी धाकटी काकू आहे. देवगड-नांदगाव रस्त्यावर तिचा आंब्याचा मांडव असतो, आणि गेल्या हंगामात नेमक्या याच समजुतीपायी तिचे ५,८०० रुपये बुडाले. काकूने मेसेज वाचून मला फोन केला, "म्हणजे माझे पैसे येवक होये होते काय रे?" तेव्हा मला राहवेना. हे लिहिणाऱ्याला यूपीआय कसं चालतं याची गंधवार्ता नाही, आणि पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा थांबून विचार केलेला नाही.

आधी काकूच्या मांडवात काय झालं ते सांगतो.

दुपारची वेळ, पांढरी गाडी, दोन माणसं. पाच डझनी दोन पेट्या २,४०० च्या भावाने आणि किलोभर काजूगर हजाराचे, असे ५,८०० झाले. त्यातल्या एकाने क्यूआरवर फोन धरला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काकू, स्कॅन होत नाही, नंबर सांगा, नंबरवर टाकतो." काकूने नंबर दिला. मिनिटभरात त्याने फोन पुढे केला. हिरवी खूण, ५,८०० चा आकडा, खाली काकूचं पूर्ण नाव आणि १२ आकडी नंबर. त्याच सुमारास काकूच्या फोनवर टिंग झालं आणि खात्यात ५,८०० जमा झाल्याचा इंग्रजी मेसेज आला. पेट्या डिकीत गेल्या. संध्याकाळी काकाने बँकेच्या अॅपमध्ये पाहिलं तर त्या दिवशीची शेवटची जमा सकाळची होती, १,२०० ची. काकूचं म्हणणं एवढंच होतं, "हिरवी खूण दिसली मा, मगे आणखी काय बघूचा?"

तर हिरवी खूण आणि नंबर यांबद्दल थोडक्यात. गिऱ्हाइकाच्या फोनवर जे दिसतं ते गिऱ्हाइकाच्या ताब्यात असतं. हुबेहूब खऱ्या अॅपसारखी दिसणारी खोटी अॅप आहेत. त्यांत नाव, रक्कम आणि वेळ टाकली की खूण फिरते, आवाजही येतो. त्यामुळे 'स्क्रीनशॉट नको, चालू अॅप दाखवा' असं सांगूनही उपयोग नाही. नाव बरोबर होतं याचं काकूला फार वाटत होतं. पण कुणाचाही मोबाइल नंबर कुठल्याही यूपीआय अॅपमध्ये टाकला की खात्यावरचं नाव समोर येतं. त्याने नंबर मागितला त्याचं एक कारण हे. १२ आकड्यांचंही तसंच. तो नंबर नुसता बघून खरा-खोटा ठरत नाही. तोच नंबर तुमच्या स्वतःच्या अॅपमधल्या नोंदीत दिसला तरच त्याला अर्थ.

नंबर मागायचं दुसरं कारण म्हणजे तो एसएमएस. मी काकूचा फोन हातात घेऊन बघितला. मेसेज साध्या १० आकडी मोबाइल नंबरवरून आला होता, म्हणजे शेजारच्या माणसाने किंवा गाडीत बसलेल्या त्याच्या जोडीदाराने टाइप करून पाठवलेला. बँकेचा मेसेज कधीच असा येत नाही. तिथे पाठवणाऱ्याच्या जागी आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेचं छोटं नाव असतं, आणि २०२५ पासून शेवटी -S किंवा -T असंही लागतं. शिवाय बँक खात्याचे शेवटचे तीन-चार आकडे देते. काकूच्या मेसेजमध्ये नुसतं "your account" होतं.

इथे त्या मेसेजवाल्याला अर्धं माप द्यावं लागेल. बँकेचा खरा एसएमएस हा चांगला पुरावा होता, एके काळी. आता तेवढाही भरवसा नाही, आणि तोही उलट बाजूने. एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून ५०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय जमेचे एसएमएस बंद केले. दोन बाटल्या कोकम आगळ विकलं आणि मेसेज आला नाही म्हणून गिऱ्हाइकाला चोर ठरवलं, तर तेही चूकच. म्हणजे मेसेज आला म्हणून पैसे आले असं नाही, आणि नाही आला म्हणून आले नाहीत असंही नाही.

आता येतो त्या वाक्याकडे, जे वाचून माझं डोकं खरोखर फिरलं. पैसे दिसत नसले तरी नियमाने येतातच, माल देऊन टाका! ज्या नियमाचं नाव घेऊन हे लिहिलंय तो नियम बरोबर उलटा आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, अडकलेल्या व्यवहारांचं काय करायचं ते सांगणारं. त्यात यूपीआयबद्दल असं आहे: पाठवणाऱ्याच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि घेणाऱ्याच्या खात्यात जमा करता आले नाहीत, तर ते आपोआप पाठवणाऱ्याला परत गेले पाहिजेत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खात्री दुकानात पोचलीच नाही, तर परत जायला पाच दिवसांची मुदत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही ज्याचे पैसे कापले गेले त्यालाच.

नीट वाचा. पैसे परत जातात. गिऱ्हाइकाकडे. हा नियम पैसे देणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, माल देणाऱ्याच्या नाही. म्हणजे समोरचा माणूस अगदी सज्जन असला, त्याचे पैसे खरोखर अडकलेले असले आणि तुम्ही भरवशावर पेट्या देऊन टाकल्यात, तर नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पैसे त्याच्या खात्यात आणि आंबेही त्याच्या घरी. त्याने आठवण ठेवून पुन्हा पाठवले तर ठीक. काही वेळा अडकलेला व्यवहार उशिराने तुमच्याकडे जमा होतोही, ते मान्य. पण मांडवात उभं असताना यातलं काय होणार हे ना तुम्हाला कळतं ना त्याला.

आणि याच नियमामुळे प्रामाणिक गिऱ्हाइकाशी वाद घालायची गरजही उरत नाही. आमच्याकडे दोन डोंगरांच्या मधे रेंज जाते, पैसे खरंच अडकतात. अशा वेळी त्याला सांगायचं, भाऊ, रोख द्या किंवा दुसऱ्या खात्यातून करा, तुमचे अडकलेले पैसे बँक आपोआप परत करेल, नाही केले तर दिवसाला १०० रुपये मिळतील. त्याचं काहीच बुडत नाही. त्याचा नंबर लिहून ठेवायचा, आणि दोन्ही पेमेंट जमा झाली तर एक परत पाठवायचं. खरा माणूस कुरकुरेल, पण ऐकेल. गेल्याच महिन्यात पुण्याच्या एका कुटुंबाने असंच केलं, रोख देऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की कापलेले परत आले.

१९३० बद्दल. सायबर फसवणुकीची ही हेल्पलाइन खरी आहे आणि तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच तिथेच फोन करावा. ते पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवता येतात, म्हणून घाई महत्त्वाची. पण काकूच्या बाबतीत पैसे कुठूनच कुठे गेले नव्हते. गोठवायला खातंच नाही! गेले ते आंबे आणि काजूगर. ही फसवून माल नेल्याची साधी फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली, आणि तिच्यासाठी पोलीस ठाण्यात जावं लागतं. तिथे लागतो गाडीचा नंबर, वेळ आणि तो खोटा मेसेज. काकूने मेसेज ठेवला होता, गाडीचा नंबर मात्र कुणी पाहिला नव्हता. तक्रार लिहून घेतली, पुढे काही हाती लागलं नाही.

मग बघायचं काय, असं मावशीने विचारलंच. आपल्या फोनवर, आपल्या बोटाने अॅप उघडायचं, व्यवहारांची यादी वरून खाली ओढून ताजी करायची आणि सगळ्यात वरची नोंद वाचायची. तिथे नाव, वेळ आणि रक्कम तिन्ही जुळली पाहिजेत. रक्कम विशेष, कारण एक रुपया खरोखर पाठवून यादीत नाव आणायचं आणि बाकी थाप मारायची, हेही करता येतं. शिल्लक बघत बसू नये. ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते, आणि मे महिन्याच्या गर्दीत नुसत्या शिलकेवरून कुणाचे आले ते कळतही नाही. व्यापाऱ्यांचा क्यूआर असेल तर पैसे बँकेत नंतर एकत्र जमा होऊ शकतात, म्हणून बँकेत नाही तर क्यूआर देणाऱ्या कंपनीच्या व्यापारी अॅपमध्ये बघायचं. बोलणारा डबा असेल तर उत्तम, पण आवाज डब्यातून आला की समोरच्या फोनमधून, एवढं कान देऊन ऐकायचं. आणि पैसे घेण्यासाठी कुणी पिन टाकायला सांगितला तर तिथेच व्यवहार थांबवायचा. पिन लागतो तो पैसे देताना किंवा स्वतःची शिल्लक बघताना.

काकूच्या मांडवात नेट चालत नाही, रस्त्यापलीकडच्या बांधावर मात्र दोन काड्या येतात. आता ती फोन घेऊन तिथपर्यंत जाते, यादी ताजी करते, नोंद दिसली की तिथूनच हात वर करते, आणि मग चुलतभाऊ पेटी गाडीत ठेवतो. तोवर पेटी त्याच्या पायाशीच असते.