नळ गळतोय हो, कॉफीला नाही बोलावलं!

तीन आठवडे झाले. नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनमधल्या या भाड्याच्या घरात ओट्याचा नळ रात्रंदिवस टपटपतोय. खाली कप ठेवून मोजलं, अर्ध्या तासात पाव लिटर. म्हणजे दिवसाला बारा लिटर! आमच्या गावी टँकरमागे हंडा घेऊन धावलेल्या माणसाला ही टपटप झोपू देईल का?

घरमालक आजोबा फक्त डच बोलतात. फोनवर बोलणं अशक्य, म्हणून मेसेज. मीही भोळी, डिक्शनरीत बघून 'भेट' म्हणजे 'बेझूक' हा शब्द टाकला. 'नळ गळतोय, कृपया भेटीला या.' म्हाताऱ्याचं उत्तर: 'खेझेलख!' म्हणजे छान, मजा येईल! 'बेझूक' म्हणजे पाहुणा म्हणून येणं, चहा-बिस्किटं खायला. कामासाठी चक्कर मारायची तर 'लांग्सकोमेन' म्हणायचं, हे मला शेजारणीने दोन दिवसांनी सांगितलं. आणि नळाची ओळ? ती त्यांनी वाचलीच नाही!

दुसरा मेसेज नीट लिहिला. नळाला 'क्रान', शिवाय 'तुम्ही'साठी आदरार्थी 'यू', कारण 'तू'साठीच्या 'ये'ने अरेतुरे होतं. उत्तर एका ओळीचं: 'लेर्त्ये बदला, ते भाडेकरूचं काम.' लेर्त्ये म्हणजे वॉशर. आता राग यातच आहे की अर्धं खरं आहे! इथल्या कायद्यात वॉशर आणि नळाचे सहज बदलता येणारे भाग भाडेकरूच्याच गळ्यात. पण आजोबा, हा गरम-गार पाण्याचा एका दांडीचा मिक्सर नळ आहे, त्यात वॉशर असतोच कुठे? आत पाणी सोडणारं-अडवणारं कार्ट्रिज असतं. आणि नुसती तोंडातून गळती नाही. नळाची बैठक गंजून तडकलीये, तिथून पाणी ओट्याखालच्या कपाटात झिरपतंय, फळी पोळीसारखी फुगलीये. अख्खा नळच गेलाय, तो तुम्हीच बदलायचा.

फोटो पाठवा ना, म्हणाल. पाठवले. तोंडाचा, बुडाचा, फळीचा. आणि तारीख घालून लिहूनच पाठवले, कारण भाडेकरूने बिघाड वेळेत कळवला नाही तर त्यातून झालेलं नुकसान त्याच्याच अंगावर येतं. फळीचे पैसे मी का भरू? तिसऱ्या मेसेजमध्ये एवढंच: कुठून गळतंय, कधीपासून, कपाट भिजतंय, आणि कोणत्या दिवशी येता?

काल उत्तर आलं. गुरुवारी माणूस येईल, सकाळी आठ ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान. वा! म्हणजे नळासाठी एक सुट्टी गेली. आणि वर लिहिलंय, 'कॉफी चालेल.'